गाडी तापली. तुम्ही?

यंदाच्या अंकाचा विषय ‘पाटी’ असा ठरल्यावर संपादकांना बहुधा पुणेरी पाट्यांवर काहीतरी हवं होतं. त्यावर इतकं लिहून झालंय की मी उसाच्या रसाच्या पाट्या मागितल्या. ‘दिवाळीत उसाचा रस?’ असं त्यांनी विचारलं खरं, पण नाही म्हणाले नाहीत. दिवाळी अंकाचे लेख उन्हाळ्यातच गोळा करायला लागतात, हे त्यांनाही माहीत आहे.

रसवंतीची पाटी बाकीच्या पाट्यांपेक्षा वेगळी असते. चपलांच्या दुकानाची पाटी वाचणाऱ्याला चप्पल घ्यायची आहे हे आधीच ठाऊक असतं, तो ठरवून आलेला असतो. रस प्यायचा ठरवून घरातून निघालेला माणूस मात्र क्वचितच भेटतो. तो कामाला निघालेला असतो, त्याला उशीर झालेला असतो, आणि त्याच्यात व रसात चाळीसच्या वेगाने पळणारी दुचाकी असते. एवढ्यात पाटीने त्याला तहान लागली असल्याची जाणीव करून द्यायची असते. ती ते कसं करते आणि बहुतेक वेळा का करत नाही, हे पाहायला मी हडपसरहून सासवडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले.

हा रस्ता निवडण्याला कारण होतं. महाराष्ट्रात कुठेही गेलात तरी रसवंतीवर ‘कानिफनाथ’ किंवा ‘नवनाथ’ ही नावं दिसतात. पुरंदर तालुक्यात बोपगावजवळच्या डोंगरावर कानिफनाथांचं देवस्थान आहे, आणि रसाच्या धंद्यात उतरलेले कितीतरी लोक याच पट्ट्यातले. पाऊस कमी, शेती बेभरवशाची, म्हणून माणसं चरक घेऊन शहरात गेली आणि गावचा देव पाटीवर घेऊन गेली, असं इथली जुनी मंडळी सांगतात. मजा अशी, की अंजीर आणि सीताफळासाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्यातल्या रसवंत्यांना ऊस आणावा लागतो तो कालव्याच्या पाण्यावरच्या शेजारच्या भागांतून.

बत्तीस शब्दांचा फलक

दिवे घाट चढून वर आलं की रस्ता एकदम सपाट होतो आणि वारा लागतो. तिथून थोडं पुढे एक रसवंती आहे. बांबूचा मांडव, वर हिरवं शेडनेट, शेणाने सारवलेली जमीन, बाजूला उसाच्या मोळ्या उभ्या आणि आइस्क्रीमचा एक डीप फ्रीझर. मालक पन्नाशीचे. सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागले. गल्ल्यावर वहिनी. दादा या मोसमात नवीन फ्लेक्स करणार होते, कारण जुन्यावरचा ऊस निळा झाला होता.

हे निळं होणं मी नंतर सगळीकडे पाहिलं. फ्लेक्सवरचा हिरवा रंग पिवळी आणि निळी शाई मिसळून आलेला असतो. उन्हात पिवळी आणि गुलाबी शाई आधी उडते, निळी टिकते. त्यामुळे मार्चमध्ये लावलेला हिरवागार ऊस मे महिन्यात शाईत बुडवल्यासारखा दिसतो, आणि त्याशेजारचा रसाचा ग्लास औषधाच्या बाटलीसारखा.

रंग बाजूला ठेवला तरी मजकुराचं काय? जुन्या फ्लेक्सवर मधोमध देवाचं नाव, त्याखाली रसवंतीचं नाव आणि मग हा मजकूर: ‘आमचे येथे उसाचा ताजा, शुद्ध, थंडगार, मधुर व आरोग्यदायी रस तसेच सर्व प्रकारची आइस्क्रीम, कुल्फी, मस्तानी, कोल्ड्रिंक्स व मिनरल वॉटर योग्य दरात मिळेल. काविळीवर गुणकारी. एक वेळ अवश्य भेट द्या. आपले नम्र.’ आपले नम्रच्या खाली दोन फोटो आणि तीन मोबाइल नंबर.

‘हे सगळं कोण वाचतं, दादा?’

‘ते वाचायला नसतं ताई. ते असावं लागतं.’

हे उत्तर मला फार आवडलं. पाटी भरलेली असली की दुकान भरलेलं वाटतं, हा तिच्यामागचा विचार आहे आणि तो अगदीच खुळा नाही. बाजारपेठेतल्या दुकानावर, जिथे माणूस पायी जातो आणि रिक्षाची वाट पाहत उभा राहतो, तिथे बत्तीस शब्दही वाचले जातात. पण इथे माणूस उभा नाही.

पाऊण शंभर मीटर

मांडवात बसून मी आणि दादांचा पुतण्या हिशोब करायला बसलो. तो सासवडला डिप्लोमा करतो, सुट्टीत चरकावर उभा राहतो.

चाळीसच्या वेगाने येणारी दुचाकी सेकंदाला अकरा मीटर जाते. पाटी दिसून वाचायला दोन सेकंद धरा, म्हणजे बावीस मीटर गेले. मागे बसलेल्याला ‘प्यायचा का?’ विचारून ‘चल’ म्हणायला आणखी दोन सेकंद, म्हणजे पुन्हा बावीस. मग मागून येणाऱ्या टेम्पोला बिचकवल्याशिवाय, हळूहळू ब्रेक दाबत कडेला थांबायला तीसेक मीटर. झाले पंचाहत्तर. यापेक्षा जवळून वाचली जाणारी पाटी वाचली जाते, पटते, आणि माणूस पुढे निघून जातो. परत मागे वळून रस पिणारा विरळा. ‘आधी कळलं असतं तर थांबलो असतो,’ असं म्हणत किती गिऱ्हाइकं पुढच्या रसवंतीवर गेली, ते या रसवंतीला कधीच कळत नाही.

पंचाहत्तर मीटर म्हणजे जवळजवळ अडीचशे फूट. फलक रंगवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: अक्षराची एक इंच उंची दहा फुटांवरून सुखाने वाचता येते, आणि फार ताणलं तर तीस फुटांवरून. सुखाने वाचायचं तर पंचवीस इंचांची अक्षरं लागतील, तेवढा फ्लेक्स दादांना परवडणार नाही. ताणून धरलं तर निदान आठ इंच.

इथे आपल्या लिपीचा प्रश्न येतो. देवनागरी अक्षर आठ इंचांचं म्हणजे शिरोरेषेपासून खालपर्यंत आठ इंच. त्याच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार. या सगळ्यांना जागा ठेवायची तर एका ओळीला पंधरा-सोळा इंच लागतात. दादांचा फ्लेक्स दहा फूट लांब, तीन फूट उंच. छत्तीस इंचांत अशा दोनच ओळी बसतात, तिसरी नाही. लांबीत दोन्हीकडे वीतभर सोडून, प्रत्येक अक्षराला जवळजवळ त्याच्या उंचीएवढी रुंदी दिली, तर ओळीत बारा अक्षरं. जोडाक्षर आलं की तेही एक अक्षर, पण ते आतून भरून जातं. ‘आरोग्यदायी’मधला ‘ग्य’ लांबून काळा ठिपका दिसतो.

दोन ओळी, ओळीला बारा अक्षरं. बत्तीस शब्दांतून एवढंच उरवायचं होतं. पुतण्याने वहीवर बारा-बारा चौकोनांच्या दोन रांगा काढल्या आणि आम्ही त्या भरायला लागलो.

विशेषणं तहान लावत नाहीत

पहिल्याच फेरीत ‘ताजा’, ‘शुद्ध’ आणि ‘मधुर’ गळाले. ‘शुद्ध’ सगळ्यात आधी जायला हवं होतं, कारण शुद्ध असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात पहिल्यांदाच अशुद्धाचा विचार येतो. ‘ताजा’ लिहायची गरज नाही, कारण इथे रस डोळ्यांसमोर निघतो. ऊस तासलेला दिसतो, दुमडलेल्या चिपाडात आल्याचा तुकडा आणि अर्धं लिंबू घालून ते पुन्हा चरकातून जाताना दिसतं, गाळणीतून फेस उतरतो. रस थोडा वेळ नुसता ठेवला तरी काळपट पडायला लागतो. उसातली विकरं हवेशी गाठ पडली की हे काम करतात, आणि लिंबाचा आंबटपणा त्यांना थोडा वेळ आवरतो. म्हणजे ताजेपणाचा पुरावा ग्लासातच असतो. फिकट हिरवट-पिवळा रस आत्ताचा, मातकट रस मघाचा.

‘काविळीवर गुणकारी’ काढायला दादा तयार नव्हते. सगळेच लिहितात, असं त्यांचं म्हणणं. कावीळ झालेल्याला उसाचा रस देतात हे खरंच घरोघरी मानलं जातं. पण खाण्यापिण्याच्या पदार्थाने रोग बरा होतो अशी जाहिरात अन्न सुरक्षा कायद्याखालच्या नियमांत बसत नाही, आणि रसाच्या पाटीवर ती दुसऱ्या कारणानेही उलटते. दूषित पाणी आणि त्याचा बर्फ हेच काविळीचं एक नेहमीचं कारण. रस्त्यावरचा रस पिताना माणसाच्या मनात जी एकमेव भीती असते, तिचंच नाव आपण मोठ्या अक्षरांत लिहून ठेवतो.

‘आणि आजाऱ्याची आठवण आल्यावर तहान कुठली लागायला?’ वहिनी गल्ल्यावरून म्हणाल्या. तिथे हा विषय संपला.

बर्फाच्या भीतीला उत्तर द्यायचं तर ते वेगळं द्यावं लागतं. 2018 पासून महाराष्ट्रात खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आला, म्हणजे मासळीचा आणि इमारतींच्या कामाचा बर्फ ग्लासात येऊ नये. त्यामुळे गिऱ्हाईक आता बर्फाचा रंग बघतं. वहिनींनी बर्फाची पेटी मांडवाच्या पुढच्या बाजूला, झाकण उघडलं की आतलं दिसेल अशी ठेवली आहे. रस्त्यावरच्या फ्लेक्सवर यातलं काही लिहायचं नाही. आत, टेबलाजवळच्या छोट्या पाटीवर ‘बर्फ हवा तर सांगा’ एवढं पुरे. माणूस बसल्यावर ते वाचतो आणि निर्धास्त होतो.

तहान म्हणजे नेमकं काय

मग रस्त्यावर काय लिहायचं? यासाठी थोडं शरीराकडे बघावं लागलं.

घाम जातो तेव्हा रक्तातलं पाणी कमी होऊन क्षारांचं प्रमाण वाढतं. ही वाढ एक-दोन टक्क्यांची झाली की मेंदूतली त्यासाठीची केंद्रं जागी होतात आणि आपल्याला तहान लागते. म्हणजे घाट चढून आलेल्या माणसाची तहान बहुधा आधीच तयार असते. पण दुचाकीवर वारा लागत असतो, घाम येतो तसा वाळून जातो, लक्ष समोरच्या ट्रककडे असतं, हेल्मेटच्या आत घसा कोरडा पडलेला असतो आणि कुणी विचारलेलं नसतं. पाटीचं काम तहान निर्माण करण्याचं नाही, तेवढी तिची ताकदही नाही. जे शरीरात चाललंय त्याचं नाव घ्यायचं, की माणूस स्वतःकडे वळून बघतो.

याला मर्यादा आहेतच. शिवरात्रीच्या सुमारास मांडव उभा राहतो, पण तेव्हाच्या गार सकाळी कुठलीही ओळ चालत नाही. वळवाचं आभाळ भरून आलं की गल्ला निम्म्यावर येतो आणि मृगाचा पाऊस पडला की मांडव सोडायचा. त्या दिवसांत दादा फ्लेक्सला दोष देत नाहीत, आकाशाला देतात.

दुसरी गोष्ट जिभेची. ‘लिंबू’ हा शब्द वाचला तरी तोंडाला पाणी सुटतं. आयुष्यभर चाखलेल्या आंबटाची ती सवय आहे. ‘थंडगार’ वाचून असं काही होत नाही. थंडपणा हा गुण आहे, लिंबू ही वस्तू आहे. आलं, लिंबू, बर्फ, ऊस हे चारही शब्द छोटे, आणि प्रत्येकाला चव किंवा स्पर्श आहे. रस पिताना पहिल्या दोन घोटांतच जीव गार होतो, खरं तर पाणी रक्तापर्यंत पोचायला त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं लागतात. तोंडाला आणि घशाला लागलेल्या गारव्यावरच मेंदू समाधान मानतो. म्हणून पाटीनेही घशाशी बोलावं. आरोग्य वगैरे पोटात गेल्यावरच्या गोष्टी आहेत.

म्हणजे पहिल्या ओळीत शरीराची आत्ताची अवस्था आणि दुसऱ्या ओळीत चवीच्या वस्तू, एवढं ठरलं. पुतण्याचा पहिला प्रयत्न ‘घसा सुकला? थांबा’ असा होता. वाईट नाही. सात अक्षरं, लांबूनही सुटी दिसतात. पण ही ओळ कुठल्याही रस्त्यावर चालेल. इथल्या माणसाने काय केलंय? तो घाट चढून आलाय. त्याची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत आलीय, इंजिनाची धग मांड्यांना लागलीय. गाडी तापल्याची काळजी त्याला आहेच.

चरकात ऊस घालता घालता दादाच म्हणाले, ‘लोक इथं थांबतात ते गाडी गार करायला. म्हणतात, गाडी तापली. मग मी म्हणतो, आणि तुम्ही?’

पुतण्याने चौकोन मोजले. ‘गाडी तापली. तुम्ही?’ सात अक्षरं आणि मध्ये श्वास घ्यायला जागा. खाली ‘उसाचा रस, आलं-लिंबू’, नऊ अक्षरं. एकही विशेषण नाही.

दुसरी बाजू

फ्लेक्स रस्त्याला काटकोनात उभा राहतो, म्हणून त्याला दोन बाजू असतात, आणि दोन्हीकडे एकच मजकूर छापायची पद्धत आहे. पण सासवडकडून येणाऱ्याने घाट चढलेला नाही, त्याची गाडी तापलेली नाही. रविवारी, अमावास्येला आणि सोमवती असली तर विचारायलाच नको, या बाजूने जेजुरीहून परतणारे लोक येतात. कपाळाला, केसांना, शर्टाच्या कॉलरला भंडारा.

यांच्यासाठी मला एक ओळ सुचली आणि मी ती मोठ्या तोऱ्यात सांगितली: ‘येळकोट करून घसा बसला?’ बरोबर बारा अक्षरं. पुतण्या खूश झाला. वहिनींनी मान हलवली.

‘बसलेल्या घशाला थंड कोण देतं, ताई? घसा बसला म्हटलं की माणूस हळद-दूध मागतो.’

त्यांचं खरं होतं. ओळ शरीराबद्दलची होती, इथलीच होती, पण चुकीच्या अवस्थेबद्दलची होती. कोरड्या घशाला रस हवासा वाटतो, बसलेल्या घशाला भीती वाटते. ‘भंडारा घशात गेला?’ ही पुतण्याची सूचना दादांनी हातानेच थांबवली. देवाच्या भंडाऱ्यावर धंदा नको. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कुणी वाद घातला नाही.

मग वहिनींनी विचारलं, जेजुरीला जाऊन आल्यावर दुखतं काय? पाय. गडाच्या पायऱ्या चढायच्या, उतरायच्या, रांगेत उभं राहायचं, त्यात कुणी नवरीला उचलून पायऱ्या चढलेला. त्याला तहानेच्या आधी टेकायचं असतं. ओळ ठरली: ‘गड चढून आलात? बसा.’ दहा अक्षरं. खाली तीच आलं-लिंबूवाली ओळ. ‘बसा’ हा शब्द वहिनींचा आणि माझ्या मते सगळ्या फ्लेक्सवरचा तो सगळ्यात चांगला शब्द आहे. ‘अवश्य भेट द्या’ हे पत्रिकेवर लिहितात, घरी आलेल्याला ‘बसा’ म्हणतात.

आता पंचाहत्तर मीटरांचा प्रश्न उरला होता. आठ इंचांची अक्षरं ताणूनच वाचायची असल्यामुळे आधी एक सूचना लागते. त्यासाठी शंभरेक मीटर अलीकडे, रस्त्याच्या हद्दीत नाही तर ओळखीच्या शेतकऱ्याच्या कुंपणाच्या आत, पत्र्याची एक छोटी पाटी. घाटाच्या बाजूला ‘पुढे रस’, सासवडच्या बाजूलाही ‘पुढे रस’. चारच अक्षरं, त्यामुळे छोट्या पत्र्यावरही ती मोठी येतात. रस्त्याकडेला सार्वजनिक जागेत परवानगीशिवाय फलक लावले तर ते काढतात आणि दंडही होतो, 1995 च्या विद्रूपीकरणविरोधी कायद्याचा धाक असतो. विजेच्या खांबाला बांधलेली पाटी तर कुणीही सोडवून नेतं आणि गोठ्यावर घालतं.

घुंगरू

पाटीविषयी इतकं बोलल्यावर हेही सांगायला हवं, की रसवंतीची सगळ्यात जुनी जाहिरात लिहिलेली नाही. लाकडी चरक बैल फिरवायचे तेव्हा बैलाच्या गळ्यात घुंगरं असायची. बैल गेले, विजेची मोटार किंवा डिझेल इंजिन आलं, लाकडाच्या जागी लोखंडी रोलर आले, पण घुंगरू यंत्राच्या चाकाला बांधलेलं राहिलं. त्याचं यंत्राला काही काम नाही. तरीही ते नसलेली रसवंती मी अजून पाहिलेली नाही.

उभ्या गाडीवरच्या, पायी चालणाऱ्या, बसथांब्यावरच्या माणसाला ते पाटीच्या आधी पोचतं. पाठ फिरवलेल्यालाही ऐकू येतं. म्हणून दादा गिऱ्हाईक नसतानाही मधूनच मोटार चालू करून यंत्र मोकळंच फिरवतात. रस्त्यावर ट्रकच्या आवाजात ते बुडतं, पण कडेला लघवीला, फोनवर बोलायला थांबलेल्या माणसाला नेमकं गाठतं. पुतण्याने मांडवाच्या खांबावर त्या माणसासाठी एक ओळ खडूने लिहून टाकली: ‘ऐकू आलं ना?’

अलीकडे महामार्गांवर पुन्हा लाकडी चरक आणि बैल दिसायला लागले आहेत. शहरातली कुटुंबं पोरांना बैल दाखवायला थांबतात. तिथे पाटीवर ‘बैलावरचा रस’ एवढंच लिहिलेलं पुरतं, कारण उरलेली जाहिरात बैल करतो. दादांना ते पटत नाही. दिवसभर बैल उन्हात फिरवायचा आणि आपण सावलीत बसायचं, हे त्यांना बघवत नाही.

आइस्क्रीमची गोष्ट वेगळी

जुन्या फ्लेक्सची मोठी चूक मला वाटतं ही होती, की त्याने रस आणि आइस्क्रीम एका दमात विकायला काढले. दोन्ही गार, दोन्ही उन्हाळ्याचे, पण एक तहानेसाठी आणि दुसरं हौसेसाठी. आइस्क्रीमने तहान भागत नाही, गोडामुळे उलट वाढते. वहिनींचं निरीक्षण असं, की आइस्क्रीम खाल्लेला प्रत्येकजण पाणी मागतो, रस प्यायलेला क्वचितच. दुपारी एक ते चार रस चालतो. आइस्क्रीमचा फ्रीझर उघडतो तो संध्याकाळी सातनंतर, जेव्हा सासवडची घरातली मंडळी जेवून फेरफटक्याला म्हणून घाटमाथ्यावर येतात. त्या वेळी ‘गाडी तापली’ कुणाला सांगणार?

म्हणून आइस्क्रीमची पाटी वेगळी, छोटी, मागून दिवा लागणारी, आणि फक्त अंधार पडल्यावर लावायची. तिच्यापुढे माणसं हळू येतात, त्यामुळे बारा अक्षरांचं बंधन नाही. हिच्यावर तहान नको, मोह हवा, आणि मोहाला थोडा विनोद चालतो. ‘पोरांना विचारू नका’ ही ओळ मी दिली. आईबाप ती वाचतात, हसतात, आणि मागे बसलेलं पोर ती मोठ्याने वाचतं. मग विचारायचं काही राहत नाही. जोडप्यांसाठी दुसरी: ‘एक कप, दोन चमचे. भांडण तुमचं तुम्ही बघा.’

इथे एक गोष्ट जपावी लागते. ज्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेलाची चरबी असते त्याला नियमाने आइस्क्रीम म्हणता येत नाही, त्याच्या वेष्टनावर फ्रोझन डेझर्ट असं लिहिलेलं असतं. साध्या आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश निदान दहा टक्के असावा लागतो. दादांच्या फ्रीझरमध्ये दोन्ही होतं, शेजारी शेजारी, आणि पाटीवर सरसकट आइस्क्रीम. आम्ही कप उलटेपालटे करून वाचले तेव्हा दादांनाही नवल वाटलं. आता ‘दुधाचं आइस्क्रीम’ असं लिहून त्याचा कप्पा वेगळा केलाय. तेवढे शब्द वाढले, पण ‘दूध’ लिहिल्याने पोटात काहीतरी होतं, तेव्हा ते वाया गेले नाहीत.

रविवारी संध्याकाळी वहिनी संच्यातलं पॉट आइस्क्रीमही करतात. लाकडी पिंपात बर्फ आणि खडे मीठ, मध्ये पत्र्याचं भांडं, आणि हँडल फिरवायला पुतण्या. मीठ घातल्याने बर्फ शून्याखाली उतरतो आणि दूध कडेने गोठत जातं. त्या दिवशी पाटीच लागत नाही. संचा रस्त्याकडे तोंड करून ठेवला की माणसं स्वतःहून विचारतात, झालं का? ‘अजून दहा मिनिटं’ हे वहिनींचं उत्तर कुठल्याही ओळीपेक्षा जास्त खुर्च्या भरतं.

छपाई

सासवडच्या फ्लेक्सवाल्याकडे आम्ही कागदावर लिहिलेला मजकूर घेऊन गेलो. फ्लेक्सचा भाव चौरस फुटावर, शब्दांवर नाही, त्यामुळे कमी शब्दांत पैसे वाचत नाहीत. याची दादांना थोडी रुखरुख होती. ‘तेवढ्याच पैशात अजून लिहिता आलं असतं,’ असं ते वाटेत म्हणाले.

दुकानातल्या मुलाने आधी त्याच्याकडचं तयार चित्र टाकलं: काचेचा उंच ग्लास, त्यावर दवाचे थेंब, कडेला संत्र्याची चकती आणि स्ट्रॉ. उसाचा रस त्यात नव्हताच. आम्ही चित्र काढायला लावलं आणि जागा अक्षरांना दिली. गडद हिरवी अक्षरं, पिवळी पाटी. पांढरी जमीन दुपारच्या उन्हात चकाकते आणि अक्षरं खाते. पिवळं फिकट पडलं तरी अक्षरातली निळी-काळी शाई टिकेल, मजकूर जाणार नाही, हे पुतण्याने त्याला बजावून सांगितलं. एकदा ‘तुम्ही’मधला ‘म्ही’ फुटून वेलांटी शेजारच्या अक्षरावर बसली, कारण मजकूर मोबाइलवरून युनिकोडमध्ये आला होता आणि संगणकात जुना फॉन्ट होता. हे छापखान्यात रोज घडतं. पडद्यावर पाहताना लक्षात आलं नाही, तर दहा फुटांवर छापून येतं. म्हणून पैसे देण्याआधी मजकूर पडद्यावर मोठा करून एकेक अक्षर बोटाने वाचावा.

सगळं झाल्यावर मुलाने विचारलं, ‘दादा, तुमचा फोटो कुठे टाकू?’

दादा गप्प. मी गप्प. पुतण्या छताकडे बघत होता. सत्तावीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला त्याच्याच पाटीवर जागा नाही, हे सांगायचं कुणी? वहिनींना फोन लावला. त्या म्हणाल्या, ‘रस्त्यावर नको. आत गल्ल्याच्या मागे मोठा लाव. तिथं निवांत बघतील.’

तसा दोन बाय तीनचा वेगळा फ्लेक्स छापला. त्यावर दादांचा फोटो, देवाचं नाव, तिन्ही मोबाइल नंबर, ‘आपले नम्र’, आणि दादांच्या आग्रहाने ‘मधुर’.